टक्क्यांचा तक्ता केसपेपरवरून हद्दपार करा

दोन वर्षांचा मुलगा, उभ्याने मोजलेली उंची ७७ सेंटिमीटर. केसपेपरवर इंटर्नने लिहिलं होतं: 'सौम्य खुजेपणा'. मला संताप आला तो त्या इंटर्नचा नाही, त्याला हे शिकवणाऱ्या आम्हा प्राध्यापकांचा.

त्याचं गणित चोख होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात या वयाच्या मुलाची मध्यक उंची ८७.१ सेंटिमीटर. ७७ म्हणजे तिच्या ८८ टक्के. पाठ्यपुस्तकातल्या वॉटरलो तक्त्यानुसार ८७.५ ते ९५ टक्के म्हणजे सौम्य. पण त्याच मानकात उणे तीन प्रमाण विचलनाची रेषा ७८ सेंटिमीटरवर आहे. मुलगा तिच्याही खाली, म्हणजे तीव्र खुजा. तक्त्यात 'तीव्र' व्हायला ८० टक्क्यांखाली, जवळपास ७० सेंटिमीटरखाली जावं लागतं. दोन वर्षांचं इतकं खुजं मूल दाखवा मला!

चूक टक्क्यांच्या मुळातच आहे. निरोगी मुलांची उंची मध्यकाभोवती फार पसरत नाही, वजन बरंच जास्त पसरतं. त्यामुळे उंचीत दहा टक्के घट हा मोठा घात असतो, वजनात तितकीच घट तुलनेने किरकोळ. टक्केवारीला हा फरक दिसतच नाही. शिवाय वयानुसारही तिचा अर्थ बदलतो: उणे तीनची रेषा दोन वर्षांच्या मुलात मध्यकाच्या साधारण ८९.५ टक्क्यांवर, पाच वर्षांच्या मुलात ८७.५ टक्क्यांच्या आसपास.

वजनात तर थेट उपचारच हुकतात. ८० सेंटिमीटर लांबीच्या मुलाचं मध्यक वजन १०.४ किलो. आठ किलोचं मूल ७७ टक्के भरतं, म्हणून तक्ता त्याला 'मध्यम' ठरवतो. उणे तीनची रेषा मात्र सुमारे ८.२ किलोवर आहे. ते मूल सॅम आहे आणि त्याला सॅमचेच उपचार मिळायला हवेत.

जॉन वॉटरलो यांना मी दोष देत नाही. १९७२ साली त्यांनी लुकडेपणा आणि खुजेपणा वेगळे मोजायला लावले, आणि ती दृष्टी आजही शंभर टक्के खरी आहे. टक्क्यांऐवजी प्रमाण विचलन वापरा, अशी शिफारस त्यांनीच सहकाऱ्यांसह १९७७ साली केली. आम्ही मात्र आधीचा तक्ता घोकत बसलो.

'टक्के काढणं सोपं' ही सबब मला मान्य नाही. विचलनाच्या छापील तक्त्यात भागाकारही लागत नाही. उंचीची ओळ शोधा आणि वजन कोणत्या रकान्यात बसतं ते पाहा. अंगणवाडी सेविका हे रोज करतात.

वॉटरलो इतिहास म्हणून जरूर शिकवा. पण परीक्षेत त्या टक्क्यांवर श्रेणी विचारणं बंद करा. जे पेपरात विचारलं जातं, तेच उद्या केसपेपरवर उतरतं.