आजचे कर्ज म्हणजे उद्याचा कर?



सातवीला सरळव्याज शिकवताना मी एक उदाहरण देते. सरकारला प्रत्येक घरामागे १००० रुपये खर्च करायचे आहेत. एक तर आजच तेवढा कर घ्यायचा. नाहीतर द.सा.द.शे. ५ दराने कर्ज काढायचे आणि व्याजापुरता ५० रुपये कर दरवर्षी, कायम घ्यायचा. तुम्हाला कोणता मार्ग परवडेल? मुले लगेच ओरडतात, "५० रुपयांचा!"

आता गणित करू. कर्जाच्या मार्गात तुमचे १००० रुपये हातात राहिले. ते ५ टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाला ५० रुपये व्याज येणार आणि तेच कर म्हणून जाणार. मुद्दल मोडता येत नाही. म्हणजे हजार रुपये जवळ असूनही नसल्यासारखेच! म्हणून काही अर्थतज्ज्ञ म्हणतात, की सरकारी खर्च तेवढाच असेल तर तो करातून करा की कर्जातून, फरक पडत नाही. शहाणा माणूस पुढचा कर ओळखून आज वाचलेला पैसा बाजूला ठेवेल, बाजारात उधळणार नाही.

हा हिशेब इंग्लंडच्या डेव्हिड रिकार्डोने १८२० मध्ये युद्धखर्चाच्या संदर्भात मांडला. पण गंमत अशी, की त्याचा स्वतःचाच लोकांवर भरवसा नव्हता. वर्षाला ५० पौंड कायम भरणे आणि एकदाच १००० पौंड भरणे हे ओझे सारखेच आहे, हे माणसाला पटवणे कठीण, असे त्याने लिहिले. आपल्या वर्गातल्या मुलांसारखेच की!

पुढचा कर आपल्यानंतरच्या पिढीवर आला तर? त्यावर अमेरिकेच्या रॉबर्ट बॅरोने १९७४ मध्ये उत्तर दिले, की आईवडील मुलांसाठी तेवढी जास्त शिल्लक ठेवून जातील.

मला मात्र हे अर्धेच पटते. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आईने शेकडा दोन रुपये महिन्याने १००० रुपये उसने घेतलेत असे समजा. तिचे वर्षाचे व्याज झाले २४० रुपये. आज कर टळला तर त्या पैशातून ती हे कर्ज फेडेल. वर्षाला कर ५० रुपये, वाचले २४०. म्हणजे १९० रुपये तिच्या घरात राहिले. जी सरकारइतक्या स्वस्तात कर्ज काढू शकत नाही, तिच्यासाठी लांबलेला कर हा खराखुरा दिलासा आहे.

दुसरे असे, की बॅरोचे पालक शिल्लक ठेवणारे आहेत. ज्याच्या घरी महिनाअखेरीस काहीच उरत नाही, तो मुलांच्या करासाठी काय ठेवणार? तिथे ओझे खरोखरच मुलांवर जाते.

म्हणून "सरकारने कर्ज काढले" अशी बातमी वाचली की मी वर्गात दोन प्रश्न विचारते. आज कर कोणाचा टळला? आणि उद्या तो कोण भरणार? दोन्हींचे उत्तर एकच घर असेल आणि त्या घरात शिल्लक असेल, तरच रिकार्डोचे गणित बरोबर सुटते.