बोटे मोजून खोटा चेहरा सापडत नाही

डेटिंग ॲपवरच्या फोटोबद्दल शंका आली की एक सल्ला हमखास मिळतो: फोटो मोठा करा, बोटे मोजा, दोन्ही कानांतले डूल सारखे आहेत का बघा, कातडी जास्तच गुळगुळीत वाटली तर तो कॉम्प्युटरने बनवलेला चेहरा समजा. हा सल्ला अगदीच हवेतला नाही, पण तो शिळा आहे. २०१८च्या अखेरीस एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी स्टाइलगॅन नावाची पद्धत मांडली आणि अस्तित्वात नसलेल्या माणसांचे चेहरे हवे तितके तयार होऊ लागले. त्या चेहऱ्यांत चष्म्याच्या काड्या वाकड्या यायच्या, डूल जुळायचे नाहीत, मागची पार्श्वभूमी विरघळल्यासारखी दिसायची. आज असे फोटो बनवणाऱ्या साधनांतून यातले बरेच दोष गेले आहेत. बोटेही बहुतेकदा पाचच येतात.

तरी "मला बघताक्षणी कळतं" म्हणणारे आहेतच. २०२२मध्ये सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद या संशोधकांनी हाच दावा तपासला. खरे आणि बनावट चेहरे मिसळून लोकांसमोर ठेवले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ४८ टक्क्यांच्या आसपास भरले. नाणे उडवले असते तरी तेवढेच जमले असते. दुसऱ्या गटाला काय बघायचे हे शिकवून विचारले, तर आकडा जेमतेम ५९वर गेला. शिवाय लोकांना बनावट चेहरे खऱ्यांपेक्षा किंचित जास्त विश्वासू वाटले. आणि हे चेहरे स्टाइलगॅनच्याच दुसऱ्या पिढीचे होते, म्हणजे आजच्या मानाने जुनेच.

या सल्ल्याची उलटी बाजू मला जास्त खटकते. मोबाइलचा ब्यूटी मोड कातडी आपोआप गुळगुळीत करतो. त्यामुळे खारघरची एखादी सरळमार्गी मुलगी 'फेक' ठरते आणि चोरलेला, पण अस्सल कॅमेऱ्याने काढलेला फोटो परीक्षेत पास होतो. त्या फोटोतला माणूस खरा असतोच, फक्त तुमच्याशी बोलणारा माणूस वेगळा असतो. म्हणून 'हा चेहरा खरा आहे का' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'हा चेहरा माझ्याशी बोलणाऱ्याचाच आहे का' हे शोधायला हवे, आणि त्याचे उत्तर चेहऱ्याकडे टक लावून मिळत नाही.

एक नमुना घेऊ, कल्पित पण नेहमीच्या वळणाचा. नवीन पनवेलची एक नोकरदार तरुणी आहे आणि समोरच्या प्रोफाइलवर लिहिले आहे: वय ३४, ऑफशोअर इंजिनीअर, घर पनवेल. फोटो चार: हेल्मेट घालून समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर, जिममध्ये, गाडीत, समुद्रकिनारी. समुद्रातल्या तेलविहिरीवरची नोकरी हा जगभरच्या ठगांचा आवडता बनाव आहे, कारण भेट का होत नाही आणि व्हिडिओ कॉल का लागत नाही, या दोन्हींचे उत्तर त्यातच मिळते. पनवेलमध्ये तो जास्तच खपतो, कारण इथे ओएनजीसीची वसाहत आहे, सागरी तंत्रज्ञानाची संस्था आहे आणि समुद्रावर जाणारी माणसे खरोखर शेजारी राहतात.

आता तपासणी. प्रत्येक फोटोचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि ॲपचे बटण, नाव, वय कापून फक्त चित्र ठेवायचे. ही कातरणी टाळली तर शोध भरकटतो. मग गुगल लेन्समध्ये टाकायचे. लेन्स आधी तसल्याच हेल्मेटांची आणि शर्टांची दुकाने दाखवते. तिथे न थांबता हुबेहूब जुळणाऱ्या चित्रांच्या भागात जायचे. नंतर तोच फोटो टिनआयवर टाकून निकाल सर्वांत जुन्यापासून लावायचे. हेल्मेटचा फोटो काही वर्षांपूर्वीच एखाद्या परदेशी इंजिनीअरच्या पानावर, दुसऱ्याच नावाने सापडला, तर विषय संपला. चेहऱ्यांच्या बाबतीत गुगल मुद्दाम हात आखडता घेते, म्हणून यांडेक्सवरही एकदा बघावे.

काही सापडले नाही तर? इथे बहुतेक जण सुटकेचा श्वास सोडतात आणि फसतात. चोर अनेकदा फोटो आरशासारखा उलटा करून लावतात, म्हणजे शोध चुकतो. ते ओळखायला शर्टाचा खिसा बघा. खिसा सहसा डाव्या छातीवर असतो. फोटोतल्या माणसाच्या उजव्या छातीवर दिसला तर चित्र उलटलेले असू शकते. पाटीवरची अक्षरे आणि गाडीचा नंबरही तेच सांगतात. सेल्फी कॅमेराही कधी कधी चित्र उलटतो, म्हणून हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. फोटो पुन्हा उलटा करून नव्याने शोधायचे, एवढेच. तरीही काही हाती लागले नाही तर त्याचा अर्थ 'खरा' असा काढू नका. फोटो एखाद्याच्या खासगी इन्स्टाग्रामवरून उचललेला असेल किंवा परवाच बनवलेला असेल. सापडला तर चोरीचा, न सापडला तर निकाल राखून ठेवलेला.

बनवलेल्या चेहऱ्यासाठी एक फोटो पुरत नाही, चारही शेजारी ठेवावे लागतात. कानाच्या पाळीची ठेवण, तीळ, कपाळावरची केसांची रेषा चारही ठिकाणी जुळते का? वर्षे वेगळी सांगितली आहेत, पण दाढी आणि वजन तसूभरही हललेले नाही का? मग चेहऱ्यामागे बघा. पनवेलचा म्हणवणाऱ्याच्या फोटोत पनवेल कुठे आहे? दुकानाची देवनागरी पाटी नीट वाचता येते, की जोडाक्षरे वितळली आहेत? गाडीवर एमएच-४६ आहे, की कुठल्याच राज्याचा नसलेला नंबर? अर्थात खऱ्या पनवेलच्या फोटोवर वेगळा चेहरा बसवणेही आता सोपे झाले आहे, त्यामुळे पाटी वाचता आली म्हणून माणूस पास होत नाही. 'एआय आहे का' ते टक्क्यांत सांगणाऱ्या वेबसाइटवर तर मी फारसा भरवसा ठेवत नाही. ॲपने दाबून लहान केलेल्या, वर स्क्रीनशॉट घेतलेल्या फोटोवर त्यांचा अंदाज सहज घसरतो.

यापुढची पायरी फोटोच्या बाहेर आहे. "निळी टिक आहे की!" असे कोणी म्हणेल. ती टिक सहसा एवढेच सांगते की पडताळणीच्या वेळी कॅमेऱ्यासमोरचा चेहरा प्रोफाइलशी जुळला. नोकरी, लग्न झाले आहे की नाही, हेतू, यातले काहीच ती तपासत नाही. व्हिडिओ कॉल मात्र मागावाच, आणि तो चालू असताना मान पूर्ण बाजूला वळवायला, हात चेहऱ्यावरून सावकाश फिरवायला सांगावे. चेहरा बदलणारी साधने अशा वेळी अडखळतात, गालाची कड थरथरते, बोटांमागून नाक डोकावते. साधने सुधारत आहेत, त्यामुळे ही खूण उद्या पुसली जाईल. दिवसाउजेडी पनवेल स्टेशनबाहेर झालेली भेट पुसली जाणार नाही. फोटोबद्दलची शंका मात्र त्या भेटीनेच फिटते, हेतूबद्दलची नाही: २०२४मध्ये मुंबईत उघड झालेल्या प्रकारांत मुली खऱ्या होत्या, भेटीही खऱ्या होत्या, आणि हॉटेलचे बिल मात्र मुलाच्या गळ्यात हजारोंनी मारले जात होते.

फोटो चोरीचा निघाला तर तो सोसायटीच्या ग्रुपवर "याला ओळखता का" म्हणून टाकू नका. तो चेहरा ज्याचा आहे तोही फसवला गेलेला आहे आणि तुम्ही त्याचीच बदनामी कराल. ब्लॉक करण्याआधी प्रोफाइलचे, गप्पांचे आणि पैसे मागितलेल्या खात्याचे स्क्रीनशॉट घ्या. कारण ब्लॉक केल्यावर अनेक ॲपवर संवादच दिसेनासा होतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा, नंतर cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणूक हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डीखाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.