बिलातला एक आणि नऊ

किराणा दुकानातली हाताने लिहिलेली बिलं संगणकावर वाचून घेताना बराच घोळ १ आणि ९ या अंकांचा होतो. घाईत लिहिलेल्या एकाची शेपटी वळली की तो नऊ वाटतो. वाचक प्रणाली इंग्रजीवर ठेवली असेल तर नीट लिहिलेला १ सुद्धा 9 होऊ शकतो आणि ४ चा 8 होऊ शकतो. म्हणून आधी भाषा मराठी निवडावी, पण तेवढ्याने भागत नाही. खरी तपासणी बिलाच्या हिशेबातच असते. समजा, ‘गूळ ९४ किलो, दर ५०, रक्कम ७००’ असं वाचलं गेलं. ९४ गुणिले ५० म्हणजे ४७००, हे जुळत नाही. नवाच्या जागी एक घातला की १४ गुणिले ५० बरोबर ७०० येतात. असा एकच अंक बदलून गुणाकार आणि खालची बेरीज दोन्ही जुळली, तरच दुरुस्ती स्वीकारावी. दोन पर्याय जुळत असतील किंवा दर लिहिलेलाच नसेल, तर मूळ कागद माणसानेच पाहावा.