‘आदर्श अल्पसंख्याक’ : लेकी बोले, सुने लागे

एखाद्या समाजाची निंदा झाली तर ती आपल्याला लगेच खटकते. कौतुक झालं तर त्यात खटकण्यासारखं काय, असं वाटतं. अमेरिकेतल्या आशियाई लोकांना गेली साठ वर्षं ‘आदर्श अल्पसंख्याक’ म्हटलं जातं : कष्टाळू, शिकलेले, कुटुंबाला धरून राहणारे, तक्रार न करणारे. पुण्या-मुंबईहून तिकडे गेलेले आपले लोकही त्यात आले. म्हणून हे कौतुक कुठून आलं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे आपणही तपासलं पाहिजे.

१९६६च्या जानेवारीत विल्यम पीटरसन या समाजशास्त्रज्ञाने ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या मासिकात जपानी अमेरिकनांच्या यशाची कहाणी लिहिली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने याच समाजातल्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना छावण्यांत डांबलं होतं. तरीही ते स्वतःच्या बळावर वर आले, असा लेखाचा सूर होता. त्याच वर्षाअखेरीस दुसऱ्या एका साप्ताहिकाने चिनी अमेरिकनांबद्दल असंच लिहिलं, आणि कृष्णवर्णीयांसाठी सरकारी खर्चाची मागणी होत असताना हे लोक मात्र कुणाच्या मदतीवाचून पुढे जात आहेत, असंही बजावलं.

काळ लक्षात घ्या. आदल्याच वर्षी, १९६५ मध्ये, कृष्णवर्णीयांनी लढून मतदानाच्या हक्काचा कायदा पदरात पाडून घेतला होता. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत उद्रेक झाला होता. नोकरी, घर, शाळा यांतला भेदभाव दूर करा, ही मागणी जोरात होती. अशा वेळी आशियाई लोकांची पाठ थोपटणं म्हणजे लेकी बोले, सुने लागे. ‘त्यांना जमलं, मग तुम्हाला का नाही?’ असा प्रश्न एकदा विचारला की भेदभावाची जबाबदारी भोगणाऱ्यावरच येते.

‘त्यांना जमलं’ हेही अर्धंच खरं. १९६५ साली तिथला स्थलांतराचा कायदा बदलला. त्याआधी आशियाई लोकांना दार जवळजवळ बंद होतं. नव्या कायद्याने नातेवाईकांना आणि उच्चशिक्षित, कुशल माणसांना प्राधान्य दिलं. आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर गेले ते या चाळणीतून. त्यांतल्या अनेकांचं शिक्षण इथल्या सरकारी पैशावर झालेलं. अशा निवडून घेतलेल्या माणसांची तुलना गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांशी करायची आणि फरकाचं श्रेय ‘संस्कृती’ला द्यायचं, हा हिशेबच खोटा आहे.

ही चाळणी सर्व आशियाई लोकांनाही लागू नव्हती. १९७५ नंतर कंबोडियातून आणि लाओसमधून युद्धाने उखडलेली माणसं निर्वासित म्हणून आली. त्यांत फारसं शालेय शिक्षण न मिळालेले शेतकरी होते. ‘आशियाई’ असा एकच रकाना करून सरासरी काढली की डॉक्टरांच्या मिळकतीखाली या कुटुंबांची गरिबी झाकली जाते, आणि त्यांना मदतीची गरज आहे हेच कुणाला दिसत नाही.

आता स्त्रियांकडे येऊ. १९८५ साली न्यू जर्सीत दक्षिण आशियाई स्त्रियांनी ‘मानवी’ ही संघटना काढली, ती घरातल्या हिंसेविरुद्ध. चार वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ सुरू झाली. ‘आपल्या लोकांत असलं काही नसतं’ असं म्हणणाऱ्या समाजातच या संघटना उभ्या कराव्या लागल्या.

समजा, एक मुलगी लग्न करून संगणक अभियंता नवऱ्याबरोबर तिकडे गेली. तिचा व्हिसा त्याच्या व्हिसावर अवलंबून. या एच-४ व्हिसावर तिला नोकरीची परवानगीच नव्हती; २०१५च्या नियमाने ती काहींना मिळू लागली, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं काम ठराविक टप्प्यापर्यंत पोचलं असेल तरच. तो मारू लागला. पोलिसांना बोलावलं आणि त्याची नोकरी गेली, तर दोघांचाही व्हिसा धोक्यात. घटस्फोट घेतला तर तिचा तिथे राहण्याचा आधारच जातो. मंडळातल्या ओळखीच्या बायकांना सांगितलं तर उत्तर मिळतं, “अगं, इतका शिकलेला माणूस! चारचौघांत आपल्या लोकांचं नाव कशाला घालवतेस?” माहेरी फोन केला तर आई म्हणते, “थोडं सांभाळून घे.” व्हिसाची बेडी कायद्याने घातली, पण तोंडावरचा हात त्या चांगल्या नावाचा आहे. आदर्श ठरलेल्या समाजात तक्रार करणारी बाई समाजाचीच बदनामी करणारी ठरते.

हे चांगलं नाव फक्त तिथेच राखलं जातं असं नाही. अमेरिकेतलं स्थळ म्हटलं की मुलाची चौकशी पगारापाशी थांबते. ती व्हिसापाशीही गेली पाहिजे : तिला काम करता येईल का, तिचा पासपोर्ट कुणाकडे राहील, तिच्या नावावर बँकेत खातं असेल का. आणि तिचा फोन आला, तर ‘सांभाळून घे’ म्हणण्याआधी तिचं पूर्ण ऐकून घेतलं पाहिजे.