अवकाळीचा फटका: निवेदन द्या, पण पंचनाम्यात नाव येतंय का ते पाहा

बाळकुमच्या शिवारात आता टॉवर उभे आहेत, पण ठाणे जिल्ह्यात मुरबाड, शहापूरला आजही भातावर घरं चालतात. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरच्या अवकाळी पावसात कापून ठेवलेलं भात भिजलं. अशा वेळी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना निवेदनं दिली जातात. मात्र मदत महसूल खात्यातून मिळते, म्हणून त्याच निवेदनाची प्रत तहसीलदारांना देऊन पोच घ्यायलाच हवी.

निवेदनात गट क्रमांक, बाधित क्षेत्र, पावसाची तारीख आणि पीक उभं होतं की कापलेलं, हे स्पष्ट लिहावं. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच मदत मिळते. भिजलेलं भात शेतकरी झोडून घरी नेतो आणि पुरावा संपतो. म्हणून कोंब फुटलेल्या लोंब्यांचे फोटो आधीच काढावेत.

२०२५ मध्ये कोरडवाहू पिकाचा दर हेक्टरी ८,५०० रुपये होता. त्या दराने वीस गुंठ्यांना, म्हणजे ०.२० हेक्टरला, १,७०० रुपये होतात. बियाणं आणि मजुरीही यातून सुटत नाही.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. मदत सातबाऱ्यावरच्या नावाने जमा होते. आपली कितीतरी कुटुंबं दुसऱ्याची जमीन तोंडी बोलीवर कसतात. नुकसान त्यांचं, पैसे मालकाचे! म्हणून पंचनाम्यात प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद व्हावी, ही मागणी प्रत्येक निवेदनात आपण लिहिलीच पाहिजे.