पाकिटाआधी हात

गोरेगाव तालुक्यात रोवणीच्या दिवसांत बाह्यरुग्ण विभागात दुपारपर्यंत शुकशुकाट असतो. सगळे बांधीत असतात. जे येतात ते ताप, विंचू, नाहीतर पायात रुतलेला काटा घेऊन येतात. या गर्दी नसलेल्या दिवसांत एखाद्याच्या करंगळीला आडवा रेटा देऊन पाहायला दोन मिनिटे सहज मिळतात. हा अंक गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या आणि कुष्ठरोग तंत्रज्ञांच्या हाती पडेल, म्हणून या वेळी त्या दोन मिनिटांविषयीच लिहायचे आहे.

विदर्भाने कुष्ठरोग पाहिला तो दत्तपूरमध्ये, अमरावतीच्या तपोवनात आणि 1949 पासून आनंदवनात. तिन्ही ठिकाणांचे ऋण मोठे आहे. पण त्यामुळे आपल्या मनात या रोगाचे चित्र बसले ते झडलेल्या बोटांचे. म्हणजे रोगाच्या शेवटाचे. सुरुवात अगदीच साधी दिसते. दंडावर फिकट चट्टा, ना खाज, ना आग. बोटे झडलेला माणूस आपण लांबून ओळखतो आणि समोर बसलेल्या चट्ट्याला नायट्याचे मलम देतो.

हा जंतू फार संथ आहे. आतड्यातला साधा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाचा जंतू साधारण दिवसभर घेतो. कुष्ठाच्या जंतूला एकाचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणून संसर्ग आणि पहिला चट्टा यांत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. हॅन्सेनने 1873 मध्ये नॉर्वेत तो पाहिला, तरी आजही प्रयोगशाळेतल्या कृत्रिम खाद्यावर तो वाढत नाही. त्याला गारवा मानवतो. त्वचा, नाक आणि कातडीलगत धावणाऱ्या नसा, म्हणजे कोपराची आतली बाजू, मनगट, गुडघ्याखालची बाहेरची बाजू आणि घोट्याची आतली बाजू, ही त्याची घरे. नसेच्या तंतूंना आवरण देणाऱ्या पेशींत तो शिरतो आणि तिथेच राहतो.

आता यातला महत्त्वाचा भाग. नसेचे नुकसान जंतू स्वतः करतो त्याहून जास्त, शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते तेव्हा होते. नस सुजते. कोपराजवळ ती हाडाच्या खोबणीतून जाते, तिथे सुजायला जागा नसते आणि ती आतल्या आत आवळली जाते. ही प्रतिक्रिया उपचारापूर्वी येऊ शकते, उपचार चालू असताना येऊ शकते, औषधे संपल्यावर काही वर्षांनीही येऊ शकते. बहुविध औषधोपचार जंतू मारतो. सुजलेली नस तो सोडवत नाही. ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे, पण पाकीट देताना आठवत नाही.

एक रुग्ण घेऊ. तो काल्पनिक आहे, पण आपल्यापैकी प्रत्येकाने त्याला पाहिलेले आहे. गोरेगावजवळच्या गावातला चौतीस वर्षांचा शेतकरी. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धान. दोन वर्षांपूर्वी दंडावर एक चट्टा आला. आठ महिने मलम लावले, मग कंटाळून सोडले. फेब्रुवारीत आशाताईने त्याला केंद्रात आणले तेव्हा सहा चट्टे होते, मधोमध बधिर. सहा म्हणजे बहुजिवाणू गट: महिन्यातून एकदा समोर गिळायची रिफाम्पिसिन 600 आणि क्लोफाझिमिन 300 मिलिग्रॅम, घरी रोज डॅप्सोन 100 आणि क्लोफाझिमिन 50. बारा पाकिटे.

पहिल्या दिवशी त्याच्या नसा नीट तपासल्या गेल्या. कोपर वाकवून, बोटांच्या पेरांनी, दोन्ही बाजूंची तुलना करत. दाबताना नजर त्याच्या हातावर नाही, चेहऱ्यावर ठेवली. नस दुखते की नाही हे कपाळावरची आठी आधी सांगते. उजवी नस डावीपेक्षा जाड होती, पण दुखत नव्हती. करंगळीचा जोर पूर्ण. बॉलपेनच्या टोकाने, डोळे मिटायला सांगून, तळहातावरचे ठरलेले बिंदू तपासले; प्रत्येक वेळी त्याने बोट ठेवून जागा बरोबर दाखवली. हे सगळे कार्डावर उतरले. या नोंदीचे मोल तीन महिन्यांनी कळणार होते.

मे महिन्यात तो चौथे पाकीट घ्यायला आला, तोंडाचा रंग क्लोफाझिमिनने आणि उन्हाने काळवंडलेला. काही त्रास? काही नाही. रांगेत मागे पाच जण. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पाकीट हातात पडते आणि माणूस निघून जातो. इथे परिचारिकेने त्याचा हात टेबलावर उताणा ठेवायला सांगितला आणि करंगळी बाहेर ताणून धरायला लावली. तिने बोटाच्या मुळाशी हलका रेटा दिला, तशी करंगळी आत आली. मग पेन टेकवले, तेव्हा करंगळीखालचे दोन बिंदू त्याला कळले नाहीत. आणखी एक खूण तिने स्वतःच शोधली: दोन बोटांच्या बेचक्यात विडीचा चटका होता, आणि तो कधी बसला हे त्याला ठाऊक नव्हते.

नस दुखत नव्हती. पुस्तकात याला मूक नसदाह म्हणतात. दुखणे नाही म्हणून रुग्ण तक्रार करत नाही, आणि तक्रार नाही म्हणून आपण पाहत नाही. फेब्रुवारीचे कार्ड नसते तर हा अशक्तपणा जुना की नवा हेही कळले नसते. जुना आणि नवा यात सगळा फरक आहे. सहा महिन्यांच्या आतला बिघाड बहुधा परत फिरवता येतो. त्यापुढे आशा झपाट्याने कमी होते.

म्हणून प्रेडनिसोलोन: रोज 40 मिलिग्रॅम दोन आठवडे, मग दर दोन आठवड्यांनी 30, 20, 15, 10 आणि 5. एकूण बारा आठवडे. सुरू करण्याआधी खोकला, साखर, पोटातला व्रण विचारायचा, जंताची गोळी द्यायची. दर दोन आठवड्यांनी तीच करंगळी आणि तेच बिंदू. या काळात पाकीट बंद करायचे नाही, हे ठळक अक्षरांत लिहावे लागते, कारण ‘औषधानेच हात गेला’ असे घरचे म्हणतात आणि आपणही कधी कधी घाबरून गोळ्या थांबवतो. ऐन रोवणीत त्या हाताला विश्रांती देणे अवघड होते. त्याने रोपांचे गड्डे पोहोचवण्याचे काम डाव्या हाताने केले. ऑगस्टमध्ये करंगळीने रेटा पुन्हा पेलला. एका बिंदूवरची बधिरता मात्र राहिली. सगळे परत येतेच असे नाही.

हेच मे महिन्यात निसटले असते तर काय झाले असते? करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकले असते. बधिर हाताने चुलीवरचा गंज उतरवला जातो, फोड येतो, दुखत नाही म्हणून काम चालू राहते, जखम हाडापर्यंत पोहोचते. बोटे जंतू खात नाही, ती अशी जखमांनी आखूड होतात. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिले. वाकलेले बोट शस्त्रक्रियेने, दुसऱ्या स्नायूची कंडरा फिरवून, सरळ करता येते. गेलेली संवेदना कोणताही शल्यविशारद परत देत नाही.

आता घरच्यांचा प्रश्न, जो आपल्याला दाराबाहेर हळू आवाजात विचारला जातो. ताट वेगळे ठेवायचे का? नाही. हात लावल्याने, एका बाकावर बसल्याने, कपड्यांतून हा रोग लागत नाही. आईबापाच्या रक्तातून मुलात उतरत नाही. उपचार न घेतलेल्या बहुजिवाणू रुग्णाच्या नाकातोंडातून जंतू बाहेर पडतात आणि महिनोन्‌महिने जवळ राहणाऱ्याच्या श्वासातून आत जातात, हा आज सर्वाधिक मानला जाणारा मार्ग. त्यातही शंभरातल्या पंच्याण्णवाहून अधिक माणसांचे शरीर जंतूला थारा देत नाही. आणि रिफाम्पिसिनच्या पहिल्या मात्रेनंतर काही दिवसांतच रुग्णापासूनचा धोका जवळपास संपतो. म्हणजे जवळच्यांना जो काही संसर्ग झाला असेल तो मलमाच्या आठ महिन्यांत आणि त्यानंतरच्या दुर्लक्षात झालेला असतो, आज नव्हे.

पण ‘लागत नाही’ असे सपाट सांगून मोकळे होऊ नये. एका छपराखाली राहणाऱ्यांना धोका इतरांहून जास्त असतो, आणि म्हणूनच 2018 पासून देशात सहवासितांना रिफाम्पिसिनची एक मात्रा दिली जाते. बांगलादेशातल्या मोठ्या चाचणीत तिने पहिल्या दोन वर्षांतला धोका निम्म्याहून थोडा जास्त घटवला. निम्म्याहून थोडा जास्त, संपूर्ण नव्हे. म्हणून गोळी घेतलेल्यालाही चट्ट्यावर लक्ष ठेवायला सांगायचे.

छोट्या टोलीवर खरी अडचण वेगळीच येते. शेजारच्या चार घरांत गोळी वाटली की पाचव्या घरात कोण आजारी आहे हे गावाला कळते. रुग्णाची संमती घ्यायची असते, आणि तो नाही म्हणाला तर त्याचा राग करता येत नाही. आमच्या मते अशा ठिकाणी संपूर्ण टोलीची त्वचातपासणी ठेवावी आणि त्या ओघात सगळ्यांनाच मात्रा द्यावी. कोणामुळे, हा प्रश्न उरत नाही. त्याला वेळ जास्त लागतो, पण नाव झाकले जाते.

गोळीआधी तपासणी, हा क्रम मात्र उलटू नये. क्षयाची लक्षणे असलेल्याला ही मात्रा देत नाहीत, गर्भवतीला आणि दोन वर्षांखालच्या बाळालाही नाही. आणि ज्याला आधीच कुष्ठरोग आहे त्याला एकच गोळी देणे म्हणजे अर्धवट उपचार. आपल्या शेतकऱ्याच्या घरी हेच घडता घडता राहिले. त्याची नऊ वर्षांची मुलगी गोळीसाठी हात पुढे करून उभी होती. तिचा फ्रॉक पाठीवरून वर केला तेव्हा खांद्याच्या पात्यावर रुपयाएवढा फिकट डाग दिसला, पेन टेकले तरी तिला न कळणारा. एकच चट्टा, एकही नस जाड नाही, हातपायांची संवेदना पूर्ण. तिला प्रतिबंधाची गोळी मिळाली नाही. सहा महिन्यांची पाकिटे मिळाली, आणि कार्डावर विकृतीच्या श्रेणीपुढे शून्य लिहिले गेले. शाळा तिने एक दिवसही बुडवली नाही.