हमीभाव होता, गिऱ्हाईक नव्हते

२०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, आणि पुढील खरिपात मराठवाड्याने तुरीचा पेरा वाढवला. पाऊसही भरपूर झाला. २०१७ च्या आरंभी ही तूर लातूरच्या बाजार समितीत आली, तेव्हा बोनससह हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये होता. व्यापाऱ्यांची बोली त्याहून बरीच खाली. साहजिकच जो तो शासकीय खरेदी केंद्राकडे वळला. तिथे बारदाना अपुरा पडला आणि २२ एप्रिलला खरेदी थांबली, तेव्हाही वाहने रांगेत उभी होती. त्या रांगेतील तूर पुढे राज्याने घेतली. घरात राहिलेल्यापैकी काही मात्र पडत्या भावाने विकावी लागली.

ऑगस्ट २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने उलटा मार्ग धरला: हमीभावाखाली खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यास कैद. मुगाचा हमीभाव ६९७५ रुपये, बाजारभाव त्याखाली. व्यापाऱ्यांनी भाव वाढवला नाही, सौदेच थांबवले. ऐन सणासुदीच्या तोंडावर नव्या मुगाला बोली लावणाराच उरला नाही.

व्यापाऱ्याला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण तोट्यात खरेदी कर, अशी सक्ती कोणता कायदा करील? हमीभाव रद्द करा, असे मी म्हणत नाही. तो जाहीर होईल त्याच दिवशी शासन स्वतः किती पोती घेणार, हा आकडाही जाहीर व्हावा.